सूचना: कार्यक्रमासाठी अंबाडा आणि गजरा

मुलींनो, पालकांनो,

केस आदल्या दिवशी धुवा, त्याच दिवशी नको. ताज्या धुतलेल्या केसांवरून आकडे घसरतात. लांब केसांचा अंबाडा सुटतो तो बहुतेक वेळा मुळाशी, त्यामुळे आधी मागे घट्ट पोनी बांधा. रबर सैल असेल, तर वर कितीही पिना लावून उपयोग नाही.

पोनीची वेणी घालून ती रबराभोवती चपटी गुंडाळा. उंच अंबाडा गिरकीत हेलकावे खातो. वर जाळी चढवा, मग आकडे. आकडा सरळ आत खुपसू नका. अंबाड्याच्या कडेचे थोडे केस त्यात पकडा, टोक डोक्याला टेकवा, आकडा उलटा फिरवा आणि डोक्याला लागून रबराच्या दिशेने सरकवा. अंबाड्याचे आणि डोक्याचे, दोन्हीकडचे केस अडकले तरच तो धरतो. चार बाजूंना चार आधी, मग मधल्या जागा भरा. टोचत असेल तर लगेच काढून पुन्हा लावा. तासाभराने त्याच जागी डोकं दुखतं.

गजरा भिजवू नका, पाण्याने जड होतो. तो अंबाड्याच्या बुडाशी गुंडाळून दोऱ्याची टोकं आकड्याला बांधा. पिना फुलांतून नको, दोऱ्यावरून घाला, नाहीतर पाकळ्या रंगमंचावर पडतात आणि पाय घसरतो.

शेवटी मान जोरात हलवून दोन गिरक्या घ्या. अंबाडा हलला, तर नवे आकडे खोचत बसू नका, रबरापासून पुन्हा बांधा. गंगावन लावणाऱ्यांनी हे दोनदा तपासा.