नदीकाठची रेषा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा संपला की नदीकाठी स्वच्छता मोहिमांच्या बातम्या येऊ लागतात. त्यांतल्या काहींमध्ये आमचा गटही असतो. सहा वर्षे विठ्ठलवाडी ते राजाराम पूल या पट्ट्यात काम करताना जे ध्यानात आले, ते आपल्या वाचकांपुढे मांडावेसे वाटते.

आपला कचरा कोकणच्या समुद्राला जातो, असे पुण्यात अनेकांना वाटते. पण मुठा पूर्वेकडे वाहते. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनी आणि पंढरपूर ओलांडून कर्नाटकात कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागराला. एवढ्या वाटेत धरणे आणि बंधारे आहेत, त्यामुळे आपली पिशवी एका पावसात समुद्रावर पोचत नाही. ती काठाला लागते, पुढच्या विसर्गात सुटते, पुन्हा लागते, आणि या प्रवासात उन्हाने ठिसूळ होऊन तिचे तुकडे होतात. नंतर ते तुकडे वेचणे कुणाच्याही हातात राहत नाही. म्हणून आपल्यासाठी किनारा म्हणजे हा नदीकाठच.

खडकवासल्यातून सोडलेले पाणी ओसरले की काठावर कचऱ्याची एक रेघ उरते. समुद्रावर भरतीचे पाणी जिथवर येते तिथे असते, अगदी तशीच. बाभळीच्या फांद्यांना लटकलेल्या चिंध्या पाणी कुठवर चढले ते दाखवतात. रेघेत सर्वांत जास्त सापडतात बाटल्यांची झाकणे. बाटली ज्या प्लास्टिकची असते ते पाण्यापेक्षा जड, झाकणाचे हलके. झाकण लावलेली बाटली आतल्या हवेमुळे तरंगत जाते. उघडी बाटली पाणी भरून तळाला बसते आणि झाकण एकटेच पुढे निघते. तळाचा कचरा काठावरून दिसत नाही, म्हणून काठ स्वच्छ दिसला तरी नदी स्वच्छ झाली असे समजू नये.

आम्ही रेघेला धरून चालतो, साऱ्या काठभर विखरून जात नाही. बहुधा दोन रेघा असतात. वरची मोठ्या पुराची, खालची परवाच्या विसर्गाची. आधी खालची घ्यावी, कारण पुढचे पाणी तिलाच उचलणार. थर्माकोल सकाळी वारा सुटायच्या आत वेचावा. गाळात अर्धी रुतलेली पिशवी हिसकली तर फाटते आणि निम्मी आतच राहते, म्हणून खुरप्याने भोवतीची माती मोकळी करून मग काढावी. माती तिथेच झटकावी, नाहीतर पोती उचलवत नाहीत.

आमची सर्वांत मोठी चूक पोत्यांचीच होती. दोन वर्षांपूर्वी दिवसभर वेचून भरलेली पोती काठालाच रचून आम्ही घरी गेलो. ठरलेली गाडी त्या दिवशी आली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. रात्री विसर्ग वाढला आणि सकाळी पाहतो तर एकही पोते जागेवर नव्हते. गाडी पक्की झाल्याशिवाय आता आम्ही कामाला हात घालत नाही, आणि पोती त्याच दिवशी वरच्या रेघेच्याही वर, रस्त्यालगत नेऊन ठेवतो. विसर्गाची पूर्वसूचना आली की नदीत उतरतच नाही.

खरा उपाय मात्र ओढ्यावर करायला हवा. गटारात महिनोन् महिने साठलेले सारे पहिल्या जोरदार सरीत सुटते. त्यासाठी मे महिन्यात चेंबर साफ होतात, पण काढलेला गाळ तिथेच कडेला ढीग करून ठेवतात आणि जूनची पहिली सर तो परत आत लोटते. गाळ त्याच दिवशी उचलला गेला पाहिजे.

ओढा नदीला मिळण्याआधी जाळी बसवता येते, पण ती उभी नको. प्रवाहाकडून वर चढत जाणारे तिरके गज असावेत, म्हणजे कचरा वर सरकतो, पाण्याची वाट मोकळी राहते आणि काठावरून दाताळ्याने तो ओढून काढता येतो. गज फार जवळ घेतले तर पानांनीच तुंबतात. प्रत्येक पावसानंतर जाळी मोकळी केली नाही, तर पाणी मागे चढून वस्तीत शिरेल. २०१९च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्याने काय केले ते पुणेकर विसरलेले नाहीत. म्हणून जाळीचा खर्च मंजूर करताना ती साफ करणाऱ्या दोन माणसांचा पावसाळ्यातील पगार आणि गाडी, दोन्ही त्यातच धरावे. तेवढी तयारी नसेल तर जाळी न बसवलेलीच बरी.

आपला,
एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे