नाकारलेल्या उमेदवारांचं पुढे काय झालं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'मुलाखतीत छाप कशी पाडावी' या विषयावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. उमेदवारांना त्याचा उपयोग होईलच. मी मात्र बावीस वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, कार्मिक विभागात, काढली आहेत. पडलेली छाप आणि पुढे होणारं काम यांचं नातं फार पातळ असतं, हे तिथे बसणाऱ्यांनाही कुणीतरी सांगायला हवं, म्हणून हे पत्र.

"स्वतःबद्दल सांगा" इथून सुरू होऊन जिकडे वाहील तिकडे जाणारी मुलाखत घेणाऱ्याला नेहमीच यशस्वी वाटते. घेतलेल्यांपैकी बरेच जण बरं काम करतात, आणि आपली पारख चांगली आहे असं आपण धरून चालतो. ज्यांना घरी पाठवलं ते कसे निघाले असते, हे कधी दिसतच नाही. हिशेबाची अर्धी वही कायम कोरी राहते.

ती अर्धी वही एकदा भरली गेली. १९७९ साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या वैद्यकीय महाविद्यालयाने सुमारे ८०० अर्जदारांच्या मुलाखती घेऊन क्रमवारी लावली आणि वरच्या भागातून १५० जण घेतले. मग टेक्सासच्या विधिमंडळाने ऐन वेळी ५० जागा वाढवल्या. तोवर वरच्या क्रमांकांचे विद्यार्थी इतरत्र गेले होते, त्यामुळे हे ५० जण यादीच्या तळातून, ७००च्या पुढच्या क्रमांकांतून घ्यावे लागले. शिक्षण अर्धवट सोडण्याचं प्रमाण, परीक्षेतले गुण, रुग्णालयातलं प्रत्यक्ष काम, कशातच दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. त्यांना यादीत खाली ढकललं होतं ते मुख्यतः मुलाखतीतल्या मतांनी.

हे वाचल्यावर मी माझ्या जुन्या निवडी आठवत बसले होते.

निवडीची एखादी पद्धत पुढच्या कामाचं भाकीत किती बरोबर करते, याला मानसशास्त्रात भाकित-सप्रमाणता म्हणतात. ती शून्य ते एक अशी मोजतात. मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली आधीच्या अभ्यासांचा फेरआढावा घेतला. त्यात मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीला ०.१९, प्रत्यक्ष कामाचाच एक तुकडा करून घेणाऱ्या नमुना चाचणीला ०.३३ आणि सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण देणाऱ्या आखीव मुलाखतीला ०.४२ असे आकडे आले. साध्या भाषेत सांगायचं तर कोणत्याही दोन उमेदवारांपैकी कामाला कोण सरस ठरेल हे नाणं उडवून सांगितलं, तर शंभरात पन्नास वेळा बरोबर येईल. गप्पांच्या मुलाखतीने साधारण छप्पन्न वेळा येईल, नमुना चाचणीने एकसष्ट आणि आखीव मुलाखतीने चौसष्ट वेळा.

१९९८ च्या गाजलेल्या आढाव्यात श्मिट आणि हंटर यांनी हेच आकडे बरेच वर दाखवले होते: गप्पांना ०.३८, आखीव मुलाखतीला ०.५१ आणि नमुना चाचणीला ०.५४. फरक का पडला, त्याचं कारण पुन्हा त्या कोऱ्या पानांशी येतं. संशोधकांनाही फक्त निवडलेलेच लोक मोजता येतात, म्हणून न दिसणाऱ्यांसाठी ते आकड्यांत अंदाजाने भर घालत. ती भर बऱ्याच ठिकाणी प्रमाणाबाहेर होती, असं सॅकेट यांचं म्हणणं. नमुना चाचणीचा आकडा तर २००५ मध्येच खाली आला होता. पण मोकळी मुलाखत या तिघांत दोन्ही वेळा शेवटीच राहिली.

आता आमच्याकडचा एक प्रसंग. भांडारपालाची जागा होती. माझ्या आग्रहाने आम्ही आधी भांडारात जाऊन, पूर्वीचे लोक नेमके कुठे चुकले ते विचारलं आणि त्यावरून पाच प्रश्न बांधले. त्यातला एक असा: "महिनाअखेरच्या मोजणीत एका वस्तूचे चाळीस नग कमी भरले. रजिस्टरवर सही तुमची आहे. पुढच्या दोन तासांत काय कराल?" "साहेबांना सांगेन" एवढ्यावर थांबणाऱ्याला एक गुण. पुन्हा मोजणाऱ्याला तीन. फेरमोजणी करून, त्या वस्तूची जावक थांबवून, मागच्या मोजणीपासूनच्या पावत्या लावून पाहणाऱ्याला आणि फरक लेखी कळवणाऱ्याला पाच. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. तिघा सदस्यांनी उत्तर संपताच आपापले गुण लिहायचे, आपसांत बोलायचं ते सर्वांत शेवटी.

शिवाय चाळीस मिनिटांची चाचणी: खरेदी आदेश, चलन, तपासणी टिपण आणि स्टॉक रजिस्टरचं एक पान. त्यात तीन चुका पेरल्या होत्या: चलनावर ५०० नग पण प्रत्यक्ष आवक ४८०, एका ओळीत डझनाच्या जागी नग, आणि तपासणीत नाकारलेला माल साठ्यात धरलेला. तपासणाऱ्याला उमेदवाराचं नाव दिसत नव्हतं.

आमच्या अध्यक्षांना एक गृहस्थ दारातून आत येतानाच आवडले होते. बोलणं ऐटदार, अनुभव मोठा. त्यांना एक चूक सापडली. एका मुलीच्या तोंडून मात्र धड वाक्य निघत नव्हतं, नुसत्या गप्पा असत्या तर ती पाच मिनिटांत बाहेर गेली असती. तिने तिन्ही चुका काढल्या. शिवाय बेरजेतली एक चौथी चूकही काढली, जी आमचीच होती, कागद तयार करताना झालेली! तिला घेतलं आणि तिने काम चोख केलं. तरीही या एका गोष्टीने काही सिद्ध होत नाही. ते गृहस्थ कसे निघाले असते, ते मला आजही ठाऊक नाही.

अध्यक्ष तेव्हा म्हणाले होते, "थोड्या मोकळ्या गप्पाही असू द्या की, तेवढीच जास्त माहिती." मलाही ते पटलं होतं. पण २०१३ साली जेसन डाना आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांनी इतर विद्यार्थ्यांची मुलाखत घेऊन त्यांच्या पुढच्या सत्राच्या गुणांचा अंदाज बांधायचा होता. आधीचे गुण हाताशी होते. नुसत्या त्या गुणांवरून बांधलेला अंदाज मुलाखतीनंतरच्या अंदाजापेक्षा बरोबर ठरला. काही मुलाखतींत तर उत्तरं एका नियमाने, अर्थाशी संबंध न ठेवता दिली जात होती, आणि तरीही विचारणाऱ्यांना माणूस कळल्यासारखं वाटलं. गप्पांनी माहितीत भर पडत नाही, हाताशी असलेली चांगली माहितीही पातळ होते.

मर्यादाही सांगते. नमुना चाचणी काम आधीच येणाऱ्यालाच देता येते. शिकवून तयार करायच्या माणसाला ती लावणं अन्यायाचं आहे. आखीव मुलाखतीतही शंभरात छत्तीस वेळा चूक होतेच. आणि आखीवपणा टिकत नाही: चौथ्या-पाचव्या उमेदवारापासून सदस्य उपप्रश्न विचारू लागतात, एखाद्याला हळूच उत्तराकडे नेतात. हे ओळखायला मी गुणपत्रकं पाहते. एका सदस्याचे पाचही प्रश्नांचे गुण बहुतेक उमेदवारांना ४-४-४-४-४ किंवा २-२-२-२-२ असे सरळ रेषेत पडले असतील, तर त्याने पाच उत्तरं ऐकलेली नसतात, माणूस पाहून एकदाच ठरवलेलं असतं. अशा सदस्याला पुढच्या फेरीआधी गुणांचे निकष पुन्हा वाचायला लावावे लागतात.

आपल्या पुरवणीत पुढचा लेख मुलाखत घेणाऱ्यांसाठी असावा, अशी विनंती. असे प्रश्न आणि गुणांचे निकष बांधायला आम्हाला दोन दुपारी लागल्या होत्या. ते नमुन्यादाखल छापायचे असतील, तर मी आनंदाने पाठवीन.

आपली नम्र,
एक निवृत्त कार्मिक अधिकारी