बाई, तुमच्या तीन रकान्यांबद्दल

आदरणीय बाई,

सादर प्रणाम. गोवा विद्यापीठातला माझा पत्ररूप कादंबरीवरचा प्रकल्प गेल्या आठवड्यात सादर झाला. त्यातलं जे काही बरं आहे, ते फोंड्याला तुमच्या पडवीत बसून शिकले, म्हणून हे आभाराचं पत्र. उघड लिहितेय, कारण तुमची ही पद्धत इतर वाचकांनाही उपयोगी पडेल. आता पत्र उघडं म्हटल्यावर त्याला दोन वाचक आले: एक तुम्ही, आणि दुसरे तुमच्या खांद्यावरून डोकावणारे. तुमची परवानगी गृहीत धरलीय.

पत्रं आणि डायऱ्यांमधून सांगितलेली गोष्ट इतकी जवळची का वाटते, असं तुम्ही विचारलंत तेव्हा मी सगळे देतात तेच उत्तर दिलं, की त्यात खाजगी मजकूर असतो. तुम्ही म्हणालात, गुपितं तर आत्मचरित्रातही असतात. पण आत्मचरित्र लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक असतो. तो त्या दिवसांतून पार पडून, सावरून, मागं वळून बोलतो. डायरी लिहिणाऱ्याला मात्र उद्याचं काहीच ठाऊक नसतं. वाचकाला जवळीक वाटते ती या अज्ञानामुळे, कारण त्या क्षणी तो आणि लिहिणारा एकाच अंधारात बसलेले असतात. पत्रात यावर आणखी एक पदर चढतो, लिहिणं आणि वाचणं यांत गेलेल्या काळाचा. बोटीवर गेलेल्या तारवट्याच्या पत्रात ‘बाळ बसायला लागला का’ असं विचारलेलं असायचं आणि पत्र हाती पडेपर्यंत बाळ अंगणभर धावत असायचा, हे उदाहरण तुमचंच.

मग तुम्ही वहीत तीन रकाने आखून दिलेत. घटना कधी घडली, ती लिहिली कधी, आणि ती कुणी, कधी वाचली. समासात एक प्रश्न, हा कागद इथे कुणी लावला? इतकंच. आणि सरावासाठी ब्रॅम स्टोकरची १८९७ सालची ‘ड्रॅक्युला’ दिलीत. सिनेमातला रक्तपिपासू विसर आणि ही एक फाईल आहे असं समजून वाच, असं बजावलंत. खरंच ती फाईल आहे. डायऱ्या, पत्रं, तारा, वर्तमानपत्राचं कात्रण, सगळं कुणीतरी क्रमाने लावलेलं.

१७ सप्टेंबरची नोंद घेऊन बसले. ल्यूसी लंडनला घरी आजारी आहे, रात्री तिच्यावर कुणीतरी पहारा ठेवणं भाग आहे. डॉक्टर सेवर्ड आपल्या डायरीत म्हणतो की आज फार थकलोय, नशीब की आपले गुरू व्हॅन हेलसिंग यांनी बोलावलेलं नाही, झोप तरी मिळेल. पान उलटावं तर लगेच व्हॅन हेलसिंगची तार, अँटवर्पहून त्याच दिवशी केलेली: आज रात्री तिथे हजर राहायला चुकू नकोस. तारेच्या माथ्यावर कंसात टीप आहे. पत्त्यात परगण्याचं नाव नव्हतं म्हणून ती ससेक्सला गेली आणि बावीस तास उशिरा पोचली. पुढची नोंद १८ तारखेची. सेवर्ड गाडी पकडायला निघालाय, रात्र वाया गेली म्हणून हादरलेला.

रकाने भरले तेव्हा दिसलं की यात भुताखेताचं काहीच नाही. अंगावर काटा येतो तो पहिल्या आणि तिसऱ्या रकान्यातल्या अंतरामुळे. सेवर्डची झोपेची ओळ आपण तो निर्धास्त असताना वाचतो आणि दुसऱ्याच क्षणी तार वाचतो, म्हणजे त्याच्या आधी. डायरीचा काळ आणि तारेचा काळ यांच्या मधल्या फटीत आपण एकटेच उभे असतो, त्याला हाक मारायची सोय नाही.

त्याहून चटका लावतं ते मीनाने आपल्या मैत्रिणीला, ल्यूसीला लिहिलेलं पत्र. तेही १७ तारखेचंच, पण पुस्तकात सेवर्डच्या १९ तारखेच्या नोंदीनंतर लावलेलं. तोवर ल्यूसी मरणाच्या दारात आहे हे आपल्याला कळलेलं असतं. मीना मात्र विचारतेय, लग्न कधी, कुठे, तू नेसणार काय, समारंभ मोठा की घरगुती? आणि माथ्यावर पुन्हा कंस: ‘तिने न उघडलेले’. २० तारखेला ल्यूसी जाते. मीनाने लिहिताना हा कंस लिहिलेला असणं शक्य नाही, आणि ल्यूसीने तर पत्र पाहिलंच नाही. तो नंतर कागद लावणाऱ्याचा. आणि या कथेत कागद टंकून क्रमाने लावते ती मुख्यतः मीनाच. मैत्रिणीला लिहिलेल्या आपल्या आनंदी पत्रावर तिलाच ते तीन शब्द टाकावे लागले असतील, हे समासातल्या प्रश्नामुळे सुचलं, एरवी नजर कंसावरून सरळ घसरली असती. ज्या पत्राचा मालक ते उघडायला उरला नाही, ते आपण तिच्या जागी बसून वाचतो. खाजगीपणा म्हणतात तो इथे फार अवघड होऊन बसतो.

या प्रकाराची एक दुखरी बाजूही तुम्ही दाखवलीत. ‘आत्ता, या क्षणी लिहितेय’ हा आव ताणला की हसू येतं. रिचर्डसनची ‘पामेला’ ही पत्ररूप कादंबरी १७४० साली आली आणि दुसऱ्याच वर्षी फील्डिंगने ‘शमेला’त तिची टर उडवली, तिथली नायिका मालक दारात येऊन ठेपला तरी लेखणी सोडत नाही. १७ तारखेच्या त्या भयानक रात्री ल्यूसीही अंगात त्राण नसताना टिपण लिहिते, आणि वाक्यं कशी, एकामागून एक नीट. तिथे मला लिहिणारी कमी आणि कादंबरीकार जास्त दिसतो. तुम्ही मात्र तिची बाजू घेतलीत. मला ते अजून पटलेलं नाही.

आणखी एक कसोटी तुम्ही जाता जाता सांगितलीत, पण मला ती फार कामाला आली: पत्रातला मायना खोडून दुसऱ्याच कुणाचं नाव घाल. मजकुरात काही बिघडलं नाही, तर ते पत्र नव्हे, मायना चिकटवलेला निबंध. मीनाच्या पत्रावर ल्यूसीऐवजी कुणाचंही नाव घाला, लग्नाचे प्रश्न लगेच निराधार होतात. मी निवडलेल्या बऱ्याच पुस्तकांतली पत्रं या कसोटीवर पडली. त्यांची नावं इथे घेत नाही, भेटल्यावर सांगते.

एका जागी मात्र तुमच्याशी भांडायचंय. सेवर्डच्या डायरीला वाचकच नाही, तिसरा रकाना कोरा ठेव, असं तुम्ही म्हणाला होता. तो डायरी लिहीत नाही, फोनोग्राफच्या नळकांड्यांवर बोलून ठेवतो. मीना एक विशिष्ट भाग ऐकायला मागते तेव्हा त्याच्या लक्षात येतं की हवा तो भाग शोधायचा कसा हे त्याला माहीतच नाही. म्हणजे महिनोन्‌महिने बोलून त्याने मागे जाऊन काही शोधलेलंच नाही, इथवर तुमचं बरोबर. पण मीना ते सगळं ऐकते आणि टंकून काढते, आणि सांगते की आता तुमच्या काळजाची धडधड माझ्यासारखी दुसऱ्या कुणाला ऐकावी लागणार नाही. आवाज तिला इतका जवळचा वाटला की तिने तो कागदावर आणून थोडा लांब केला. पुढे मूळ नळकांडी जळतात, आणि आपल्या हाती येते ती तिची टंकलेली प्रत. म्हणून सेवर्डच्या प्रत्येक नोंदीपुढे तिसऱ्या रकान्यात मी मीनाचं नाव लिहिलंय. चतुर्थीला घरी येईन तेव्हा वही आणते, तुम्ही ते खोडणार असाल तर कारण सांगून खोडा.

तुमची विद्यार्थिनी