आई-बाबांच्या नावाने विकलेला विमा : केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय अर्थमंत्री, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात कोल्हापुरात माझ्या वडिलांचा गुडघा बदलला. वय 68. त्यांचा पाच लाखांचा आरोग्य विमा मीच काढलेला, जाहिरात बघून. पिकल्या केसांचं हसरं जोडपं आणि खाली ओळ : 'त्यांनी तुमच्यासाठी सगळं केलं, आता तुमची पाळी. खर्चाची चिंता आमच्यावर.' लेकीच्या काळजाला बरोबर हात घालणारं वाक्य. शेवटी एक चांदणी, तिच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात 'अटी लागू'.

सांधेबदलाचा खर्च कंपनी पहिली काही वर्षं देतच नाही; ती प्रतीक्षा मुदत संपेपर्यंत बाबा काठी टेकत थांबले. बिल झालं 2,40,000. खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला 5,000. त्या दरातली खोली रिकामी नव्हती, म्हणून 7,500 ची घेतली. मला वाटलं, वरचे अडीच हजार आपण भरू. तसं नसतं हो. खोली ज्या प्रमाणात महाग, त्याच प्रमाणात डॉक्टर, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह सगळ्यांच्या रकमेला कात्री. औषधं आणि कृत्रिम सांध्याचे 90,000 तेवढे सुटले. उरलेल्या दीड लाखाचा एक लाख झाला. मग एक लाख नव्वद हजारांवर वीस टक्के को-पे, म्हणजे मंजूर रकमेतलाही आपण भरायचा वाटा : 38,000 पुन्हा आमचेच. कंपनीने दिले 1,52,000, आम्ही भरले 88,000. डिस्चार्जच्या काउंटरवर बाबा वॉकर धरून उभे, मला म्हणाले, "मग हप्ता कशाचा भरत होतीस गं?"

को-पे, खोलीभाडं, हे दोन शब्द त्या जाहिरातीत नव्हते. 'टॅक्स वाचवा' मात्र ठळक होतं. ज्येष्ठ पालकांच्या हप्त्यावर 50,000 पर्यंतची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, हेही चांदणीखालीच. आणि नव्या प्रणालीकडे आम्हाला ढकलतंय कोण? आपणच ना?

22 सप्टेंबर 2025 पासून हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटी काढलात, आभार. त्याचे फलक चौकाचौकात लागले. को-पेचा फलक कुणी लावला नाही. माझ्या अंदाजाने दहातल्या नऊ मुलांना तो शब्द दवाखान्यातच पहिल्यांदा कळतो.

मागणी एवढीच : पालकांसाठीच्या विम्याच्या प्रत्येक जाहिरातीत को-पे आणि खोलीभाड्याची मर्यादा मुख्य ओळीइतक्याच मोठ्या अक्षरात हवी, आणि सोबत माझ्यासारखं एक बिल सोडवून दाखवलेलं हवं. पॉलिसीचं माहितीपत्रक मागितलं तर स्थानिक भाषेत मिळतं म्हणे. मागायचं असतं हे कुणी सांगितलंच नाही, मला इंग्रजी पीडीएफ आली. न मागता मराठीत द्या.

"विमा लोकपालाकडे जा," असं सगळे सांगतात. जाईन की पुण्याला. पण तक्रार कशाची करू? पॉलिसीत सगळं छापलेलं आहे, माझी सहीसुद्धा आहे. फसवणूक नियमात बसवून ठेवलीय, आणि ते नियम आपल्याच सरकारच्या छत्राखाली तयार होतात.

आपली,
हप्ता वेळेवर भरणारी एक लेक
राजारामपुरी, कोल्हापूर