विषय : पाकिटावरच्या ‘तेलात ३० सेकंद’ या सूचनेबद्दल तक्रार, आणि तुमच्या फोनवरच्या उत्तरांबद्दलही

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

तुमच्या ग्राहक सेवा केंद्राचा फोन आत्ताच ठेवला आणि लगेच हे लिहायला बसले आहे. माझी खानावळ आहे, आणि तुमचा उडीद पापड आमच्याकडे खोक्याने येतो. तुमच्या पाकिटाच्या मागे दोन ओळी छापल्या आहेत : ‘गरम तेलात ३० सेकंद तळा’ आणि ‘मध्यम आचेवर एका बाजूने ३० सेकंद, मग उलटून ३० सेकंद भाजा’. दोन्ही चुकीच्या आहेत. त्या कोणी लिहिल्या हे विचारत नाही. लिहिणाऱ्याने एक पापड तरी हाताने तळून पाहिला होता का, एवढेच विचारते.

उडदाचा पापड नीट तापलेल्या तेलात तीन ते पाच सेकंदांत होतो. तीस सेकंदांत त्याचा कोळसा होतो. तुम्ही पापड बनवता, म्हणजे कारण तुम्हाला माहीत असायला हवे, पण फोनवरच्या मुलाला माहीत नव्हते म्हणून लिहिते. वाळलेल्या पापडातही बारा ते पंधरा टक्के पाणी असते. तेलात पडताच दोन्ही बाजूंनी एकदम उष्णता लागते, त्या पाण्याची वाफ होते आणि पापड फुलतो. पाणी आहे तोवर पापडाचा ताप आटोक्यात राहतो. ते संपले की पुढचे दोन-तीन सेकंद सोनेरी, त्यापुढचे तपकिरी आणि मग कडू. त्यात उडदाचे पीठ आणि पापडखार, म्हणजे रंग धरायला आणखीच घाई. तुमच्या सूचनेतले उरलेले पंचवीस सेकंद कशासाठी ठेवले आहेत?

आता तो संवाद. तुमच्याकडे फोन रेकॉर्ड होतात असे सुरुवातीलाच सांगतात, तेव्हा पडताळून पाहा.

मी म्हटले, पाकिटावर लिहिल्याप्रमाणे केले तर पापड जळतो. उत्तर आले, “मॅडम, तुमचं तेल जास्त गरम असेल.” किती गरम हवे? “मध्यम.” मध्यम म्हणजे किती? “म्हणजे फार गरम नाही आणि फार थंड नाही.” बरे, मग त्या तेलात किती वेळ ठेवायचा? “पाकिटावर लिहिलंय तेवढा.” तेवढा ठेवला तर जळतो, म्हणूनच फोन केला आहे. “मग तेवढा नका ठेवू.” मग किती? थोडा वेळ शांतता, आणि मग पुन्हा, “पाकिटावर लिहिलंय बघा, मॅडम.” इथवर मी ऐकून घेतले. मग त्याने विचारले, “मॅडम, याआधी तुम्ही पापड तळले आहेत का?”

खानावळ चालवणाऱ्या बाईला हा प्रश्न! तो मुलगा बिचारा समोरचा कागद वाचत असणार. पण तो कागद तुम्ही दिला आहे, त्यामुळे प्रश्नही तुमचाच धरते. शेवटी त्याने “मायक्रोवेव्हमध्ये करून बघा” असा सल्ला देऊन, मी समाधानी आहे का, एक ते पाचमध्ये सांगा, असेही विचारले. एकच्या खाली आकडा नव्हता.

आता ‘मध्यम तेल’ म्हणजे काय ते मीच सांगते. तेल साधारण १८० ते १९० अंशांवर लागते. थर्मामीटर कोणाच्या घरात नसतो, म्हणून पापडाचा नखाएवढा तुकडा टाकून पाहायचा. तो तळाशी बसून राहिला तर तेल गार आहे. अशा तेलात पापड फुलत नाही, तेल पितो आणि चिवट होतो. मग माणूस ‘अजून थोडा’ म्हणत तीस सेकंदच काय, मिनिटभरही ठेवतो आणि शेवटी तेलकट, लालभडक पापड काढतो. तुकडा पडताच तपकिरी झाला किंवा तेलातून धूर आला तर आच कमी करून थांबायचे. तुकडा टाकताच वर आला आणि पांढरा राहून फुलला, की तेल झाले.

कढई पापडापेक्षा चांगली रुंद हवी, कारण पापड पसरतो. अरुंद कढईत कडा काठाला चढते. तिला तेल लागत नाही म्हणून ती कच्ची राहते आणि ती कच्ची बाजू होईपर्यंत मधला भाग करपतो. तेल दीड-दोन इंच तरी खोल हवे. पापड सोडला की झाऱ्याने हलकेच दाबायचा, एकदा उलटायचा आणि आपल्याला हवा त्यापेक्षा रंग एक छटा फिका असतानाच बाहेर काढायचा. काढल्यावरही अंगातल्या गरम तेलाने तो आणखी थोडा रंगतो. चाळणीत आडवा न टाकता उभा ठेवला तर तेल निथळते. आणि हो, तुमच्या पापडांवर लाटतानाची पिठी भरपूर असते. ती झटकली नाही तर तेलात उतरते, तळाशी जळते आणि पाच-सहा पापडांनंतर प्रत्येकावर काळे कण चिकटतात. याबद्दल पाकिटावर एक अक्षर नाही.

भाजण्याची सूचना तर याहून वाईट. तेलात निदान उष्णता सगळीकडे सारखी लागते. गॅसच्या ज्योतीवर मात्र ती जिथे ज्योत तिथेच लागते आणि तेलापेक्षा कितीतरी प्रखर असते. तिथे ‘एका बाजूने ३० सेकंद’ पापड धरायला सांगणे म्हणजे जाळायलाच सांगणे. होते काय ते पाहा. खालची बाजू आधी सुकते आणि आक्रसते. त्यामुळे कडा खाली, ज्योतीकडे वळतात आणि सर्वांत आधी काळ्या पडतात. तेवढ्यात मध्ये फोड येतो. फोडाची साल पातळ, त्यात तो ज्योतीकडे फुगलेला, म्हणजे त्याचे टोक क्षणात करपते. तुमच्या पापडावर जे गोल काळे ठिपके दिसतात ते हेच. फोटो मी पाठवले होते. ‘उत्पादन दर्जाच्या मर्यादेत आहे, भाजणे ग्राहकाच्या पद्धतीवर अवलंबून आहे’ असे उत्तर आले. पद्धत तर तुमचीच होती, पाकिटावर छापलेली!

बरोबर पद्धत अशी. ज्योत निळी हवी. पिवळी असेल तर पापडावर काजळी धरते आणि ती जळल्याच्या डागासारखीच दिसते, पण बोटाने पुसली जाते. करपलेला डाग पुसला जात नाही, हा फरक ओळखण्याचा सोपा मार्ग. पापड चिमट्यात धरून ज्योतीच्या टोकापासून दोन-तीन बोटे वर ठेवायचा. पहिल्या बाजूला फक्त दोन-तीन सेकंद, कड वळायच्या आत उलटायचा, दुसऱ्या बाजूला तेवढेच. एवढ्यात तो किंचित मऊ पडतो आणि काचेसारखा पिवळट रंग जाऊन पांढुरका होऊ लागतो. इथून पुढे आधी कडा फिरवत भाजायच्या, मग मधला भाग. एका जागी एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचे नाही आणि सारखे उलटत राहायचे. चिमटा जिथे धरला असेल तिथे कच्चा पट्टा राहतो, म्हणून शेवटी पकड बदलून तो भाजायचा. नेहमीचा सहा-सात इंची पापड सगळा मिळून पंचवीस ते पस्तीस सेकंदांत होतो. उजेडात धरून पिवळट, काचेरी जागा उरली नसेल तर झाला. म्हणजे तुमच्या साठ सेकंदांच्या जवळपास निम्मा वेळ, आणि उलटणे मात्र एकदा नव्हे, दहा-बारा वेळा.

जाळीवर भाजायचा असेल तर जाळी आधी तापवून घ्यावी लागते आणि पापड कापडाच्या घडीने दाबत फिरवावा लागतो. नाहीतर जाळीच्या तारांचे पट्टे उठतात. निखाऱ्यांवर, राख धरलेल्या निखाऱ्यांवर, सर्वांत छान भाजतो कारण धग पसरलेली असते, पण शहरात निखारे आणायचे कुठून?

एवढे सगळे नीट करूनही तुमच्या या मालात डाग पडतात आणि ते मात्र कोणाच्या पद्धतीमुळे नाही. खोक्यातला कुठलाही पापड खिडकीसमोर धरा. सारखा लाटलेला पापड उजेडात एकसारखा दिसतो. तुमच्या पापडात मध्ये गडद गोळा दिसतो आणि कडेला जवळजवळ पारदर्शक पट्टी. असा पापड तेलात सोडला की कड तिसऱ्या सेकंदाला लाल होते तेव्हा मध्य अजून फुललेला नसतो. मध्य फुलवावा तर कड कडू, कड वाचवावी तर मध्य दाताखाली कच्चट. हा लाटण्याचा दोष आहे. त्यावर ‘मॅडम, गॅस बारीक करा’ हा उपाय नाही.

सादळलेला माल असेल असेही मला सुचवण्यात आले. सादळलेला पापड हातात लवतो, मोडत नाही, आणि भाजताना फुगण्याऐवजी आधी वाकतो. त्याला तासभर ऊन दाखवले की काम होते. तुमचे पापड ताज्या पाकिटातून काढताना कटकन मोडत होते. उलट जास्तच वाळलेले होते. पाणी कमी म्हणजे वाफ कमी, फुलणे कमी आणि जळणे लवकर. पुन्हा तेच : तीस सेकंद!

आता मागण्या. पाकिटावरचा मजकूर बदला. नवा मजकूर मीच देते, त्याचे पैसे नकोत : ‘पिठी झटका. तुकडा टाकताच वर येईल एवढ्या गरम तेलात ३ ते ५ सेकंद तळा आणि फिकट असतानाच काढा. किंवा निळ्या ज्योतीपासून अंतर ठेवून, दर दोन-तीन सेकंदांनी उलटत, साधारण अर्धा मिनिट भाजा.’ एवढे पाकिटावर सहज मावते. तुमच्या ‘परंपरेची चव’ या ओळीचा टाइप थोडा लहान केला तर आणखी सहज मावेल. शिवाय हाच तीस सेकंदांचा ठसा तुमच्या पोह्याच्या आणि तांदळाच्या पापडांवरही तसाच मारलेला आहे. तोही पाहा. तांदळाचा पापड उडदापेक्षा वेगळा असतो, हे तरी तुमच्याकडे कोणाला ठाऊक असेल.

दुसरे, असमान लाटलेल्या मालाचे पैसे परत हवेत. बदली पाकिटे नकोत, कारण ती त्याच यंत्रावरची असतील. लेखी उत्तर पंधरा दिवसांत आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि गरज पडली तर ग्राहक आयोगाकडेही जाईन. इतकी वर्षे ताटात तुमचाच पापड वाढला, आता ताटातला डाग पाहून लोक आमच्या स्वयंपाकघराला नावे ठेवतात. त्याचे वाईट वाटते आणि रागही येतो.

न उघडलेली खोकी बांधून ठेवली आहेत. न्यायला माणूस तुम्ही पाठवायचा आणि वाहतूक तुमच्याच खर्चाने.

आपली,
एक (सध्या तरी) ग्राहक