बागेच्या पाइपच्या नळजोडणीतून होणाऱ्या गळतीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : पाइपसोबत दिलेला वॉशर व क्लँप सदोष असल्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीचा अर्धा इंची, १५ मीटर लांबीचा बागेचा पाइप मी दोन महिन्यांपूर्वी घेतला. पाइपबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तो मऊ आहे, पिळला तरी मोडत नाही. मात्र त्याच्यासोबत आलेला नळाचा कनेक्टर पहिल्या दिवसापासून गळत होता. त्याबाबत मी कळवले, तेव्हा नळाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून नट घट्ट करावा, असे उत्तर आपल्याकडून आले. टेपचे आठ वेढे देऊनही गळती तसूभर कमी झाली नाही आणि ती होणारही नव्हती, कारण या जोडात पाणी आटे अडवत नाहीत. नटाच्या तळाशी बसलेली रबरी चकती नळाच्या तोंडावर दाबली जाते आणि तीच पाणी अडवते. आट्यांचे काम फक्त तो दाब टिकवून धरण्याचे आहे.

पाणी नेमके कोठून येते ते पाहण्यासाठी मी जोड कोरडा पुसला, नटाच्या वरच्या कडेला आणि पाइप जेथे कनेक्टरवर चढतो तेथे टिशू पेपरची एकेक पट्टी गुंडाळली, पाइपच्या टोकाची तोटी बंद केली आणि मग नळ पूर्ण उघडला. तोटी बंद असणे येथे महत्त्वाचे आहे. ती उघडी असताना पाणी वाहून जाते, जोडावर दाब फारसा राहत नाही आणि लहान गळती दिसतही नाही. मिनिटभरात दोन्ही पट्ट्या भिजल्या. म्हणजे गळती एक नसून दोन होत्या आणि दोन्हींची कारणे वेगळी होती.

नट उघडून वॉशर बाहेर काढला. तो जेमतेम दीड मिलिमीटर जाडीचा आणि नखाने दाबला तरी न दबणारा, प्लास्टिकसारखा कडक होता. नळाच्या कडेचा वर्तुळाकार ठसा त्याच्यावर पूर्ण उमटायला हवा होता, परंतु तो निम्म्याच भागावर होता. उरलेला अर्धा भाग कारखान्यातून आला तसा गुळगुळीत होता, म्हणजे तेथे तो नळाला टेकलाच नव्हता. त्याच्या जागी पाऊण इंची नळासाठी मिळणारा तीन मिलिमीटर जाडीचा मऊ रबराचा वॉशर मी बसवला, टेप पूर्ण काढून टाकली, नट हाताने घट्ट होईपर्यंत फिरवून वर पाव फेरा दिला. वरची पट्टी कोरडी राहिली.

खालची गळती मात्र सुरूच होती, आणि माझा खरा रोष तिच्यावर आहे. आपण दिलेल्या स्टीलच्या क्लँपवर २०-३२ असा आकडा कोरलेला आहे, म्हणजे तो २० मिलिमीटरपेक्षा लहान होऊच शकत नाही. पाइपचा बाहेरील व्यास मी मोजला, तो १८ मिलिमीटर भरला. क्लँपचा स्क्रू शेवटपर्यंत आवळूनही पाइप कनेक्टरवर हाताने गोल फिरत होता. असा क्लँप ग्राहकाने कितीही जोर लावून आवळला, तरी तो पाइपला धरणार कसा? उलट जास्त जोर दिल्यास स्क्रूचे दातेच सरकतात.

मी १२-२० मापाचा क्लँप आणला. पाइपचे ताणून सैल झालेले तीन सेंटिमीटर टोक काटकोनात कापून टाकले, नवे टोक गरम पाण्यात मिनिटभर बुडवून मऊ केले आणि कनेक्टरच्या खांद्याला टेकेपर्यंत चढवले. क्लँप अगदी टोकाला न लावता कडेपासून साधारण पाच मिलिमीटर आत, कनेक्टरच्या खाचांवर येईल असा ठेवला. टोकाला लावलेला क्लँप निसटतो आणि खाचांच्या पलीकडे गेलेला क्लँप नुसताच पाइप चिमटतो. क्लँपच्या पट्टीच्या फटींतून पाइप किंचित फुगू लागताच आवळणे थांबवले, कारण त्यापुढे पट्टीची कड पाइपमध्ये रुतून तो कापला जातो. त्यानंतर तोटी बंद ठेवून अर्धा तास नळ चालू ठेवला. टिशू पेपरच्या दोन्ही पट्ट्या कोरड्या होत्या.

मला पाइपचे पैसे परत नकोत. मी बदललेल्या वॉशर व क्लँपचा खर्च आपण भरून द्यावा, या पाइपच्या संचात १८ मिलिमीटर व्यासाला बसेल असा क्लँप व मऊ रबराचा जाड वॉशर घालावा, आणि माहितीपत्रकातील टेफ्लॉन टेपची सूचना काढून तेथे वॉशर तपासण्याची सूचना छापावी, अशी माझी मागणी आहे. काढलेला वॉशर व क्लँप मी जपून ठेवले आहेत. आपण सांगाल तेव्हा तपासणीसाठी पाठवीन. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक ग्राहक

सोबत : खरेदीच्या पावतीची प्रत, वॉशरवरील अर्धवट ठशाचे व क्लँपवरील मापाचे छायाचित्र