शेवटचा आकडा दलालाला सांगू नये

'घर विकताना भावाची बोलणी दलालावर सोपवून निश्चिंत व्हा' असा सल्ला देणारा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. तो अर्धाच पटला. गिऱ्हाईक आणणे आणि कागदपत्रे जुळवणे ही कामे दलालाने जरूर करावीत. भाव मात्र मालकानेच ठरवावा.

गेल्या वर्षी आम्ही डोंबिवलीतला फ्लॅट विकायला काढला. मागणी ८४ लाखांची होती, पण 'अगदीच अडले तर ८० ला देऊ' असे मी दलालाला बोलून गेलो. पहिलाच प्रस्ताव नेमका ८० लाखांचा आला आणि आम्ही तो स्वीकारला. नोंदणीच्या दिवशी चहा घेताना खरेदीदार सहज म्हणाले, "आमची ८३ ची तयारी होती, पण तुम्ही ८० वर याल असं कळलं होतं."

दलाली एक टक्का होती. भाव ८३ लाख मिळाला असता, तर आमचे तीन लाख वाढले असते, दलालाचे अवघे तीन हजार. त्यासाठी तो महिनाभर कशाला ताणेल? शिवाय तो दोन्हीकडून दलाली घेत होता, हे आम्ही विचारलेच नव्हते. महारेराने २०२३ मध्ये दलालांसाठी प्रशिक्षण व परीक्षा सक्तीची केली, हे चांगलेच; पण हे गणित परीक्षेने बदलत नाही.

म्हणून दलालाला फक्त मागणीचा भाव सांगावा आणि प्रत्येक प्रस्ताव लेखी मागवावा. 'होय' म्हणण्याचा किंवा बयाणा घेण्याचा अधिकार त्याला देऊ नये.

— एक वाचक, डोंबिवली